वडिलांसाठी ‘वुड’

दुपारची बॅच नर्स मुलींची असते. सकाळची ड्यूटी संपवून कुणी थेट येते, कुणी संध्याकाळच्या ड्यूटीला जायच्या आधी डोकावते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, औषधांच्या दुकानाच्या वर आमचा क्लास आहे. खिडक्या बंद केल्या तर जीव घुसमटतो आणि उघडल्या तर खालच्या गाड्यांचे हॉर्न माझ्याआधी शिकवायला लागतात. या मुलींना परदेशातल्या हॉस्पिटलांत जायचं असतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा असते. आमच्या क्लासच्या मालकांचा, म्हणजे सरांचा, नियम असा की आधी क्लासची व्याकरणाची चाचणी पास व्हायची, मगच परीक्षेच्या तयारीच्या बॅचमध्ये बसायचं. व्याकरण माझ्याकडे.

ज्या मुलीबद्दल मी लिहिते आहे ती त्या बॅचमध्ये सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायची. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, हॉस्पिटलात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात मागावर. आई विड्या वळणारी. व्याकरणात ती बॅचमध्ये पहिली होती. म्हणून त्या दिवशी तिचा कागद तपासताना मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा कागद हातात आला.

विषय होता ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’. पूर्वी एखादी गोष्ट नेहमी घडायची, हे सांगायला इंग्रजीत हे दोन शब्द आहेत आणि आमच्या मुलांना ते हमखास छळतात. कारण मराठीत एकच रूप पुरतं. ‘आजोबा रोज फिरायला जायचे’ आणि ‘आजोबा स्टेशनजवळ राहायचे’, दोन्हीकडे आपण ‘-यचे’ लावतो आणि पुढे जातो. इंग्रजी तिथे थांबून विचारते, हे आजोबा काय करत होते? परत परत एखादी कृती करत होते, की नुसते तसे होते? फिरायला जाणं ही कृती, ती पुन्हा पुन्हा झाली, तर ‘वुड’ही चालेल आणि ‘यूज्ड टू’ही. पण राहणं, असणं, जवळ असणं, आवडणं, माहीत असणं ही स्थिती. तिथे ‘यूज्ड टू’च. शिवाय ‘वुड’ला आधी कुणीतरी काळ सांगावा लागतो, ‘मी लहान असताना’ असं काहीतरी. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, हा ‘जर-तर’चा ‘वुड’ आहे.

हे सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं. मग कागद वाटले. हीच ती चाचणी. कागदाचे दोन भाग होते आणि दोन्हींत पास व्हावं लागायचं. वर एका आजोबांचा उतारा, त्यात रिकाम्या जागा. सूचना अशी: जिथे ‘वुड’ बसतं तिथे ‘वुड’ लिहा, बसत नसेल तर ‘यूज्ड टू’. अशी सूचना दिली की प्रत्येक जागेला एकच उत्तर राहतं, भांडणं होत नाहीत.

My grandfather ______ (have) a black bicycle.
Every Sunday he ______ (take) us to the market.
We ______ (live) near the station.

तिने वरचा भाग एकही चूक न करता सोडवला होता. सायकल होती, ‘used to have’. दर रविवारी बाजारात न्यायचे, ‘would take’. राहायचो, ‘used to live’. ‘त्यांना चहा आवडायचा नाही’ या वाक्यात बाकीच्या निम्म्याजणींनी ‘didn’t used to’ लिहिलं होतं. ‘डिड’ आलं की ‘यूज्ड’मधला शेवटचा ‘डी’ जातो, हे फक्त हिच्या लक्षात राहिलं होतं.

खालच्या भागात स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल लिहायचं होतं. तिथे चौकट दिलेली होती. My father ______ (work) ______. He ______ (have) ______. He ______ (like) ______. तिने लिहिलं होतं:

My father would work on the looms. He would have strong arms. He would like old songs.

तिन्ही चूक. मी लाल पेनाने तिन्ही ‘would’वर रेघ मारली आणि कागद तिच्यासमोर ठेवला. बॅच सुटली तरी ती बसून राहिली.

“वरचं सगळं बरोबर आणि खाली हे काय?” मी विचारलं. “हात बळकट असणं, गाणी आवडणं, ही स्थिती. आणि इथलं ‘वर्क’सुद्धा नोकरी या अर्थाचं आहे. तेही स्थितीसारखंच धरायचं. तुला माहितीय ना?”

“माहितीय मॅडम.”

“मग?”

ती कागदाची कड दुमडत राहिली. “तुमीच सांगितलात की. यूज्ड टू म्हणजे पूर्वी होतं, आता नाही.”

“हो. मग?”

“मग मी कसं लिहू? नानांना अटॅक येऊन अजून तीन महिनेच झालेत.”

तेव्हा मला कळलं. तिच्या वडिलांना मेंदूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही अडकलं होतं. आमच्या क्लासमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. ती सुट्टी न घेता येत होती, बाक सोडत नव्हती, उत्तरं देत होती.

“मी नर्स आहे मॅडम. मला कळतंय सगळं,” ती म्हणाली. “पण ‘ही यूज्ड टू वर्क’ लिहिलं की मला वाटतं, मीच सही केली कशावर तरी. ‘वर्क्स’ लिहावं तर ते खोटं. वुड जरा बरं वाटलं. अजून काहीतरी बाकी आहे असं.”

“अगं पण वाचणाऱ्याला ते तसं वाटणारच नाही,” मी शिक्षिकेसारखीच बोलले. “तो हे वाक्य वाचून म्हणेल, ही वुड वर्क, म्हणजे त्यांनी काम केलं असतं, जर... जर काय? तो पुढचं वाक्य शोधत बसेल.”

“बरोबर आहे की मग,” ती म्हणाली. “जर हात चालला तर.”

तिने कागद पिशवीत घातला आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी फळा पुसायला घेतला आणि अर्धाच पुसून थांबले.

खरं तर विषय तिथे संपायला हवा होता. कागद तपासणं हे माझं काम. चूक ती चूक. पण ती रेघ माझ्याच हाताखाली खुपत राहिली. घरी भाजी चिरताना, रिक्षात, बँकेत रांगेत, माझ्या डोक्यात वाक्यं चालू झाली. बाजूची बाई फोनवर म्हणाली, “आमी तितं लई जायचो,” आणि मी मनात रकाने पाडले. जाणं, कृती, दोन्ही चालेल. मग दुसरी म्हणाली, “त्यांच्याकडं गाई असायच्या,” स्थिती, एकच चालेल. रात्रीची भांडी घासतानासुद्धा हा खेळ थांबेना. त्यात मजा नव्हती. दाताला काहीतरी अडकल्यासारखं होतं ते.

त्याच आठवड्यात नवऱ्याशी फोनवर बोलताना मी स्वतःला पकडलं. तो पुण्याला नोकरीला असतो. आधी दर शनिवारी यायचा, मग एकाआड एक शनिवारी. मी सहज म्हटलं, “रविवारी सकाळी आपण डोसा खायला जायचो ना रे.” तो म्हणाला, “हो, जायचो की.” मराठीने आम्हाला सांभाळून घेतलं होतं. ‘जायचो’ म्हटलं, संपलं. जायचो ते आता बंद झालं आहे का, हे वाक्यात कुठेच म्हणावं लागलं नाही. ‘वुड’ही तसंच. नुसतं सांगतं की असं होत असे, आजचं काही बोलत नाही. ‘यूज्ड टू’ मात्र मागचं सांगता सांगता आजच्या दारापाशी येऊन उभं राहतं. मी फोन ठेवला आणि उगाच गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकले.

पुढच्या शनिवारी तो आला. रविवारी सकाळी मी म्हटलं, चल, डोसा. गेलो. डोसा नेहमीसारखाच होता, टेबलही तेच मिळालं. त्याने सांगितलं की पुण्यातलं काम अजून वर्षभर तरी चालेल. मी ठीक आहे म्हटलं. ते ठीक नव्हतं, पण निदान बोलून झालं होतं.

इकडे मला त्या मुलीसाठी वाट शोधायची होती. मी सरांशी बोलले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांना बॅचेसचं वेळापत्रक सांभाळायचं असतं.

“मॅडम, तुम्हाला तपासायला हा एकच कागद आहे का? मार्क कापा आणि पुढं जा,” ते म्हणाले. “परीक्षक काय तिच्या घरी जाऊन बघणार आहे का वडील कसे आहेत?”

“नाही. पण आपण विचारतो ते तिच्याच वडिलांबद्दल.”

“मग दुसऱ्या कुणाबद्दल लिही म्हणावं. काका, मामा.”

“चौकटीत ‘माय फादर’ छापलंय, सर.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या छपाईवर बोट ठेवलं होतं. “फेरचाचणी घ्या,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात. त्यात पास झाली की झालं.”

मग मी तिच्यासाठी दोन-तीन वाटा तयार केल्या. पहिली अशी: ‘वुड’ला कृती दे आणि काळ दे, म्हणजे ते बरोबर होईल. Before Diwali he would work double shifts. दिवाळीआधी ते दोन-दोन पाळ्या करायचे. यात नोकरी नाही, एक ठरावीक काळ आहे, त्यात पुन्हा पुन्हा होणारी कृती आहे. व्याकरणाला यात बोट ठेवायला जागा नाही. दुसरी वाट साध्या भूतकाळाची. When I was a child, my father worked on the looms. हे वाक्य बालपणाबद्दल बोलतं, आजबद्दल गप्प बसतं. मात्र चाचणीत ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ यांतलंच लिहायचं होतं, त्यामुळे ही वाट चाचणीपुरती बंद. तिसरी वाट मला स्वतःलाच आवडली. ‘यूज्ड टू’ने दार बंद होतंच असं नाही. पुढे जोडता येतं, ‘आणि अजूनही करतात’ किंवा ‘आणि पुन्हा करतील’. इंग्रजी माणसं तसं बोलतात. ‘आता नाही’ हा अर्थ ऐकणारा लावतो, शब्दात तो खिळ्याने ठोकलेला नसतो. मी वर्गात हे नीट सांगितलं नव्हतं, कारण नवशिक्यांना सांगितलं तर गोंधळ होतो.

मी हे सगळं तिला सांगायला बसले आणि ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. फेरचाचणीचा दिवस आला, तिचा बाक रिकामा. बॅचमधली एक जण म्हणाली, “तिचे पप्पा बाथरूममध्ये पडले, मॅडम. हाड वगैरे काही मोडलं नाही. पण ती सुट्टीवरच आहे.”

शनिवारी सकाळी मी शेअर रिक्षा पकडून विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. एकसारख्या घरांच्या रांगा, दारात पाण्याचे ड्रम, ओट्यावर मांडीत सूप घेऊन बायका विड्या वळताहेत. पत्ता विचारत गेले तर तिच्या आईनेच मान वर केली. सुपातली पानं, तंबाखू बाजूला सारून ती उठली.

“मॅडम का? या की आत. ती बोलते तुमचं लई,” ती म्हणाली आणि आत तेलुगूत हाक मारली.

आतल्या खोलीत खाटेवर वडील उशीला टेकून बसले होते. धिप्पाड माणूस. खांदे अजून रुंद. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी दुसऱ्याने ठेवून दिल्यासारखा. मुलगी समोर स्टुलावर. मला बघून उठायला लागली. मी बस म्हटलं. वडिलांनी डाव्या हाताने नमस्कार केला, अर्धा.

“आमचा क्लास चाललाय मॅडम,” ती म्हणाली. तिला थोडी लाज वाटत होती. “स्पीच थेरपिस्टनी दिलंय. मी वाक्य अर्धं सांगायचं, नानांनी पुरं करायचं.”

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. ती पुन्हा सुरू झाली. मराठीत.

“सकाळी उठून आपण पितो...”

वडिलांचे ओठ हलले. डोळे छताकडे गेले, परत आले. शब्द घशापर्यंत येऊन मागे फिरतोय हे बाहेरून दिसत होतं. आईसुद्धा दारात थांबली. मला स्वतःला ‘चहा’ म्हणायचा इतका मोह झाला की मी पर्सची चेन धरून ठेवली.

“च... चहा.”

“बरोबर. डोक्याला लावतो...”

“तेल.”

हे पटकन आलं. मग ती तेलुगूत शिरली. तिथे त्यांना कमी वेळ लागत होता. मला तेलुगू येत नाही, पण सोलापुरात राहून कानावर पडतं तेवढं कळत होतं. तीन-चार वाक्यं झाली. मग तिने एक वाक्य म्हटलं आणि शेवट सोडला. त्यात ‘चादर’ हा शब्द मी ओळखला.

वडिलांना या वेळी शोधावं लागलं नाही. “नेस्ता,” ते म्हणाले. स्वच्छ. आणि डावा हात गुडघ्यावर एकदा आपटला.

ती ‘बरोबर’ म्हणाली नाही. स्टुलावरून उठून तिने त्यांना पाणी दिलं, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी टॉवेलने टिपलं.

मला ती रिक्षापर्यंत सोडायला आली. रांगांमधल्या अरुंद रस्त्यावरून चालताना मी विचारलं, “शेवटी काय म्हणाले ते?”

“मी म्हटलं, मी कारखान्यात चादर... आणि ते म्हणाले, नेस्ता. विणतो.” मग म्हणाली, “मॅडम, तेलुगूत ‘नेस्ता’ म्हणजे विणतो पण होतं, आणि विणीन पण होतं. शब्द एकच. त्यांनी कुठलं म्हटलं ते मला कळलं नाही. विचारलं पण नाही.”

मी मान हलवली. माझ्या पर्समध्ये त्या तीन वाटा एका कागदावर लिहिलेल्या होत्या. तो कागद मी तिला दिला. त्या क्षणी तो मला फार हुशार वाटत होता आणि फार निरुपयोगीही. तिने चालता चालता वाचला. दिवाळीच्या वाक्यापाशी हसली.

“खरंच करायचे. दिवाळीच्या आधी डबल शिफ्ट. घरी आले की कान वाजत असायचे त्यांचे, मोठ्यानं बोलायचे.”

“मग ते लिही. वुड घाल. मी पूर्ण मार्क देईन.”

“आणि हात? गाणी?”

“गाणी तर त्यांना अजून आवडत असतील.”

“आवडतात. मोबाइलवर लावते मी रोज.”

“मग तिथे भूतकाळच नको. साधा वर्तमान. He likes old songs. तेच खरं. त्या रिकाम्या जागेत मी ते चालवून घेईन.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “सर चालवतील?”

ते मला माहीत नव्हतं. रिक्षावाला घाई करत होता. मी बसले. घरी येईपर्यंत मी स्वतःला विचारत राहिले, मी शिकवायला गेले होते का पटवायला, आणि कुणाला पटवायला. दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलं.

तिने फेरचाचणी नंतर दिली, एकटीने, बॅच सुटल्यावर. मी तिच्यासमोर बसले नाही. पुस्तकांच्या कपाटापाशी उभी राहिले आणि उगाच पुस्तकांच्या पाठी सरळ करत राहिले. तिने वेळ घेतला. कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी उभ्यानेच वाचला.

My father used to work on the looms. He used to have strong arms. He used to like old songs.

तिन्ही बरोबर. फळ्यावरच्या नियमात होतं तसंच.

“अगं,” मी म्हटलं, “गाण्याचं तर...”

“चाचणीत जे लागतं ते लिहिलं मॅडम.” तिचा आवाज नेहमीसारखा होता. “मी सकाळी नानांना सांगितलं, आज परीक्षा आहे. त्यांनी असं केलं.” तिने डावा अंगठा वर करून दाखवला. “मग मी म्हटलं, इथं काय उगाच भांडायचं. तुम्ही द्या मार्क.”

मी बरोबरच्या खुणा केल्या. एक, दोन. तिसरीपाशी पेन थांबलं, मग तीही केली. कागदाच्या तळाशी, चौकटीच्या बाहेर, तिने न विचारलेलं एक वाक्य लिहिलं होतं. He is not used to sitting at home. घरी बसायची त्यांना सवय नाही. हा तिसराच ‘यूज्ड टू’, सवयीचा, त्याच्यापुढे ‘सिटिंग’ असंच यायला हवं. मी हा अजून शिकवला नव्हता. तो धडा पुढच्या महिन्यात होता. तिने कुठेतरी वाचून ठेवला होता.

“हे कुठून आणलंस?”

“पुढचं पान वाचलं,” ती म्हणाली. “हे वाक्य तरी खरं वाटलं.”

ती परीक्षेच्या बॅचमध्ये गेली. मी सरांकडे गेले आणि सांगितलं, खालचा भाग मला बदलायचा आहे. घरातल्या माणसाबद्दल विचारायचं नाही. बाजाराबद्दल विचारू, शाळेबद्दल, रस्त्याबद्दल. सर म्हणाले, छापलेले गठ्ठे आहेत अजून. मी म्हटलं, खालचा भाग कापून टाकू. ते म्हणाले, कापणार कोण? मी कात्री घेऊन बसले. दोन दुपारी त्यात गेल्या. तिसऱ्या दुपारी सर स्वतः येऊन बसले, गुपचूप, आणि त्यांनीही एक गठ्ठा संपवला. त्यांच्या पट्ट्या वाकड्या येत होत्या.

नव्या कागदावर मी ‘माझ्या गल्लीत’ असं वाक्य सुरू करून दिलं. पुढच्या बॅचमध्ये एकीने त्यात बंद पडलेल्या दुकानाबद्दल लिहिलं, एकीने तोडून टाकलेल्या चिंचेच्या झाडाबद्दल. ‘वुड’ आणि ‘यूज्ड टू’ त्यांनी नेहमीसारखेच एकमेकांच्या जागी घातले. मी रेघा मारल्या. तरी प्रत्येक कागद उचलताना मी आधी खालचं वाचते, वरचं नंतर. ही धाकधूक मला अजून सोडत नाही.

तिचे वडील काठी घेऊन चालायला लागले. शेजारचा एक जण एमआयडीसीत जातो, तो त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून कारखान्यात नेऊ लागला. मालकाने त्यांना खुर्ची दिली, टॉवेलच्या घड्या घालायला, अर्धा दिवस. माग चालू असताना खुर्चीत बसायचं त्यांना सहन होईना. चार दिवसांनी चिडून घरी बसले. मग पुन्हा गेले. मग पुन्हा बसले. सध्या जातात. किती दिवस, ते कुणी सांगत नाही.

ती पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. बोलणं, ऐकणं, वाचणं यांत निघाली, लेखनात थोडक्यात राहिली. आता पुन्हा बसणार आहे, चारही भाग पुन्हा द्यायचे असतात. ड्यूटीवरून थेट येते, युनिफॉर्मवर स्वेटर चढवून. मी तिची बोलण्याची तयारी घेते, कारण नुसतं लिहून लिहून तिचा हात आखडतो. परवा मी परीक्षकासारखी बसले आणि विचारलं, तुझ्या घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांग. विचारल्यावर मला वाटलं, हे का विचारलं आपण. पण परीक्षेत ते विचारतातच.

तिने आईबद्दल बोलायला सुरुवात केली. विड्या, सूप, पानं कापायची कात्री, कारखान्यात माल घेऊन जाताना रांगेत होणारी भांडणं. भूतकाळ वर्तमानात मिसळला, ‘शी गो’ म्हणाली, एका वाक्याला क्रियापदच नव्हतं. एरवी मी मध्ये बोट वर केलं असतं. पंखा बंद पडला, वीज गेली. खाली कुणीतरी शटर ओढलं. ती थांबली नाही. आईने एकदा सुपरवायझरला तेलुगूत काय सुनावलं ते तिला इंग्रजीत सांगायचं होतं आणि शब्द मिळत नव्हते, म्हणून ती हातवारे करून सांगत होती. बाहेर पुढच्या बॅचची मुलं दारावर टकटक करत होती. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि तिला म्हटलं, “गो ऑन. मग?”